किंबर्ली: हिऱ्याच्या वाटेच्या तोंडाशी

जोहान्सबर्ग सोडून नैऋत्येच्या रस्त्याला लागलं की तासन्‌तास सपाटी संपत नाही. उन्हानं पिवळं पडलेलं गवत, तांबूस वाळू, मधूनच बाभळीच्या कुळातलं एखादं काटेरी झाड आणि क्षितिजापर्यंत पसरलेलं कोरडं आकाश. डोंगर नाही, दरी नाही. जमिनीच्या पोटात काही उलथापालथ झाली असेल अशी शंकाही येऊ नये, असा हा मुलूख आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतातलं किंबर्ली हे शहर याच सपाटीवर वसलं आहे. आणि त्या शहराच्या मधोमध जमीन एकदम नाहीशी होते.

त्या जागेला इंग्रजीत ‘बिग होल’ म्हणतात. विवरावर पुढे काढलेल्या लोखंडी सज्ज्यावर मी उभी राहिले, तेव्हा समोरचा काठ जवळजवळ अर्धा किलोमीटर दूर होता. वरचा भाग ढासळून उताराचा झालेला, त्याखाली उभे कातळकडे आणि तळाशी निळसर हिरवं, हलत नसलेलं पाणी. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतरच सुमारे पावणेदोनशे मीटर आहे. पाण्याखाली आणखी चाळीसेक मीटर खोली आहे आणि त्याखाली पूर्वी खणलेलं पण ढिगाऱ्यानं भरून गेलेलं विवर आहे. 1871 ते 1914 या काळात माणसांनी वरून कुदळ-फावड्यानं 240 मीटरपर्यंत आणि पुढे बोगदे काढून जवळपास 1,100 मीटरपर्यंत हा खडक पोखरला. सव्वादोन कोटी टनांहून अधिक माती-दगड बाहेर आला आणि त्यातून 2,722 किलो हिरे मिळाले.

हा हिशेब मी तिथेच वहीत मांडून पाहिला. एक ग्रॅम हिऱ्यासाठी आठ टनांहून जास्त खडक फोडावा लागला. हिऱ्याची घनता पाण्याच्या साडेतीनपट असते. म्हणजे त्रेचाळीस वर्षांत या अजस्र विवरातून निघालेले सगळे हिरे मधे फटी न ठेवता एकत्र रचले, तर ते एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच पेटीत मावतील आणि पेटी पूर्ण भरणारही नाही. समोरचं विवर आणि मनातली ती पेटी, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढे धरणं मला जमेना.

इथे पूर्वी विवर नव्हतं, उलट छोटीशी टेकडी होती. डी बिअर नावाच्या दोन भावांच्या शेतावरच्या त्या टेकडीवर जुलै 1871 मध्ये हिरे सापडले आणि काही महिन्यांत ती भुईसपाट झाली. सुमारे नऊ-नऊ मीटरच्या चौरस तुकड्यांत जमीन वाटली गेली. शेजारचा आधी खोल गेला की त्याच्या भिंतीवर आपली जमीन ढासळायची. तुकड्यांमधले रस्तेही लवकरच कोसळले, म्हणून प्रत्येक तुकड्यातून काठापर्यंत दोर ताणून बादल्या ओढल्या जाऊ लागल्या. त्या काळच्या छायाचित्रांत हजारो दोरांचं जाळं सगळ्या खड्ड्यावर पसरलेलं दिसतं. खणणारे हात बहुतेक कृष्णवर्णीय मजुरांचे होते. 1885 पासून त्यांना कराराच्या काळात बंदिस्त वस्त्यांत कोंडून ठेवण्याची पद्धत इथे सुरू झाली. दरडीखाली आणि रोगराईत किती माणसं गेली, याचा विचार या काठावर उभं राहून केल्यावाचून राहवत नाही.

माझ्याबरोबर माझे यजमान, एक निवृत्त खाण-भूवैज्ञानिक होते. आयुष्यभर किंबर्लीच्या खाणींत काम केलेले. त्यांनी मला पाण्याकडे पाहू दिलं नाही. कड्यांकडे पाहा म्हणाले. “खणलेला खडक आणि भिंतींचा खडक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे आधी लक्षात घ्या. भिंती इथल्या आहेत. मधला खडक पाहुणा आहे.”

भिंतींत वरच्या बाजूला ठिसूळ काळपट शेल आहे, गाळाचा थर दाबून झालेला. त्याखाली फार जुन्या लाव्ह्याचे टणक थर आहेत आणि तळाला ग्रॅनाइटसारखा पायाचा खडक. या सगळ्यांना खालून वर भेदत एक जवळजवळ उभी नळी आली आहे. तिच्या बाजूंचा उतार ऐंशी अंशांच्या वर असतो आणि खाली जाताना ती गाजरासारखी निमुळती होत जाते. जमिनीवर तिचं तोंड जेमतेम चार हेक्टरांचं होतं. आजचं विवर सतरा हेक्टरांचं दिसतं ते भोवतालचा शेल आधार सुटल्यावर आत कोसळत राहिला म्हणून. हिरे फक्त त्या नळीच्या खडकात होते. तिच्या कडेपासून पाऊलभर बाहेर एकही नव्हता.

वरचे काही मीटर नळीतला खडक ऊन-पावसानं कुजून पिवळा आणि मऊ झालेला होता. ही पिवळी माती संपून खाली निळसर करडा, कठीण दगड लागला, तेव्हा अनेकांनी हिरे संपले असं समजून आपले तुकडे विकून टाकले. पण तो निळा दगड म्हणजेच न कुजलेला मूळ खडक होता आणि हिरे त्यातही होते. तो फोडणं अवघड जाई, म्हणून मैदानावर पसरून महिनोन्‌महिने ऊन-पाण्यात सोडत. तो आपोआप भुसभुशीत झाला की धुऊन हिरे वेचत. हा खडक ज्वालामुखीच्या नळीतून आला असावा, हे एमिल कोहेन या जर्मन भूवैज्ञानिकानं 1872 मध्येच सुचवलं होतं. 1887 मध्ये हेन्री कार्व्हिल लुईस या अमेरिकी अभ्यासकानं त्याला या गावावरून किंबर्लाइट हे नाव दिलं. आज जगात कुठेही असा खडक सापडला, तरी त्याला या धुळकट गावाचंच नाव लावलं जातं.

हिरे किंबर्लाइटमध्ये सापडतात, म्हणून ते किंबर्लाइटमध्येच तयार झाले असणार, असं कुणालाही वाटेल. लुईसलाही तसंच वाटलं होतं. नळीभोवतीच्या शेलमध्ये कार्बन असतो. तापलेला शिलारस या शेलमधून वर येताना त्यातला कार्बन विरघळून हिरे झाले असावेत, असा त्याचा तर्क होता. तर्क सुंदर होता आणि खाणीनंच तो खोडला. खाण शेलच्या थराखाली गेली, भिंतींना कार्बन नसलेला जुना लाव्हा लागला, तरी नळीत हिरे मिळतच राहिले. मग 1899 मध्ये इंग्रज भूवैज्ञानिक टी. जी. बॉनी यानं किंबर्लीच्या परिसरातल्या न्यूलँड्स खाणीतले गोटे तपासले. ते किंबर्लाइटचे नव्हते. लाल गार्नेट आणि हिरवट पायरोक्सिन या खनिजांचा, एक्लोजाइट नावाचा वेगळाच खडक होता, आणि त्या गोट्यांच्या आत हिरे घट्ट रुतलेले होते. म्हणजे हिरा आधीपासून दुसऱ्याच खडकात होता. किंबर्लाइटनं वाटेत त्या खडकाचे तुकडे उखडले आणि हिऱ्यांसकट वर आणले.

माझ्या यजमानांनी पिशवीतून असाच वर आलेला एक गोटा काढून माझ्या हातावर ठेवला. नारळाएवढा, पण उचलताना मनगट खाली गेलं इतका जड. पोपटी ऑलिव्हिनच्या दाण्यांत वांगी रंगाचे गार्नेट चमकत होते. “हा दीडशे किलोमीटर खालचा आहे,” ते म्हणाले. माणसानं खणलेलं जगातलं सर्वांत खोल छिद्र रशियातलं आहे आणि तेही बारा किलोमीटरांच्या जरासंच पुढे गेलं. इथे मात्र दीडशे किलोमीटर खालची पृथ्वी माझ्या तळहातावर होती. ही खोली अंदाजपंचे सांगितलेली नसते. गार्नेट आणि पायरोक्सिन शेजारी-शेजारी वाढताना ॲल्युमिनियम, कॅल्शियम यांची आपसांत वाटणी करतात आणि ही वाटणी किती दाब, किती उष्णता आहे यावर ठरते. दोन्ही खनिजांचं रासायनिक विश्लेषण केलं की तो खडक कुठल्या खोलीवर आणि किती तापमानाला होता, ते काढता येतं. अशा शेकडो गोट्यांवरून या भूमीखालचं तापमान खोलीबरोबर कसं वाढत गेलं होतं, त्याचा आलेखच तयार झाला आहे.

या आलेखातच हिऱ्याचं घर सापडतं. कार्बनचे अणू कमी दाबाला ग्रॅफाइटच्या रूपात राहतात, जास्त दाबाला हिऱ्याच्या. पण उष्णता वाढली की हिऱ्याला लागणारा दाबही वाढतो. हजार अंश सेल्सिअसला सुमारे 44 हजार वातावरणांचा दाब पुरतो. चौदाशे अंशांना तो 54 हजारांवर जातो. म्हणून हिऱ्यासाठी नुसती खोल जागा पुरत नाही. जागा खोलही हवी आणि त्या खोलीच्या मानानं थंडही हवी. अशी जागा पृथ्वीवर सगळीकडे नाही. खंडांच्या अतिप्राचीन गाभ्यांखालीच ती मिळते. या गाभ्यांना क्रेटॉन म्हणतात आणि किंबर्ली ज्यावर वसलं आहे त्या क्रेटॉनचं नाव कापवाल. त्याखाली प्रावरणाचा घट्ट, थंड भाग सुमारे दोनशे किलोमीटर खोलवर गेला आहे. सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वी प्रचंड वितळण्यातून त्यातलं जड लोह बऱ्याच प्रमाणात निघून गेलं. उरलेला खडक हलका झाला, म्हणून तो खालच्या तप्त प्रावरणात न बुडता खंडाला चिकटून राहिला. वरून मोजलं तर सुमारे 140 किलोमीटरपाशी हिऱ्याचा प्रदेश सुरू होतो आणि दोनशे किलोमीटरपाशी हा थंड खडकच संपतो. जाडीचा हा मधला साठेक किलोमीटरांचा पट्टा म्हणजे हिऱ्यांचं घर. त्याखाली दाब भरपूर आहे, पण तिथलं प्रावरण सावकाश का होईना सतत वाहतं. तिथे कार्बनला अब्जावधी वर्षं एका जागी निवांत राहता येत नाही.

या पट्ट्यात कार्बन येतो कसा? खालून झिरपणाऱ्या द्रवांबरोबर. पाणी आणि त्यासोबत कार्बोनेट, मिथेन यांसारखे कार्बनधारी पदार्थ अतिशय दाबाखाली खडकाच्या दाण्यांमधल्या फटींतून वर सरकतात. द्रवात कार्बोनेट असेल आणि खडक ऑक्सिजनसाठी हपापलेला असेल, तर खडक ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे सुटा कार्बन उरतो. मिथेन असेल तर उलट घडतं: हायड्रोजन सुटून त्याचं पाणी होतं आणि कार्बन मागे राहतो. त्या दाबाला हा सुटा कार्बन हिऱ्याच्याच रचनेत बसतो. ही प्रक्रिया सलग चालत नाही. हिऱ्याचा पातळ काप घेऊन त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तर आत एकावर एक थर चमकून दिसतात. मधेच एखादा थर झिजलेला, मग पुन्हा नवी वाढ. म्हणजे द्रव आला, हिरा वाढला; दुसऱ्या प्रकारचा द्रव आला, थोडा विरघळला; मग पुन्हा वाढला. काही धूसर, तंतुमय हिऱ्यांत हे द्रव सूक्ष्म थेंबांच्या रूपात आजही कोंडलेले असतात. रत्न म्हणून त्यांना किंमत नाही, पण हिरा कशातून वाढतो याचा प्रत्यक्ष पुरावा त्यांच्याच पोटात सापडला.

हे सगळं केव्हा घडलं, हा प्रश्न मी विचारला आणि त्याचं उत्तर या प्रवासातलं सर्वांत मोठं आश्चर्य ठरलं. हिऱ्याचं वय थेट हिऱ्यावरून काढता येत नाही, कारण शुद्ध कार्बनमध्ये एवढा दीर्घ काळ मोजणारं काही नसतं. पण वाढताना हिरा कधी कधी शेजारच्या खनिजाचा कण पोटात घेतो. त्या कणाभोवती हिऱ्याची भिंत उभी राहिली की बाहेरून काही आत जात नाही, आतून काही बाहेर येत नाही. रत्नपारखी ज्याला डाग म्हणतो, तो भूवैज्ञानिकाचा दस्तऐवज असतो. 1984 मध्ये स्टीफन रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंबर्ली आणि फिन्श इथल्या खाणींतल्या हिऱ्यांतून गार्नेटचे कण मिळवले. एका कणातलं मूलद्रव्य मोजायला अपुरं पडतं, म्हणून शेकडो कण एकत्र केले. गार्नेटमधलं सॅमेरियम अतिशय संथपणे निओडिमियममध्ये बदलत असतं. या दोहोंच्या प्रमाणावरून वय निघालं 320 ते 330 कोटी वर्षं. त्यांतले किंबर्लीचे हिरे ज्या किंबर्लाइटमध्ये सापडले, त्याचं वय जेमतेम नऊ कोटी वर्षं आहे.

या आकड्यालाही एक मर्यादा आहे आणि ती माझ्या यजमानांनी आवर्जून सांगितली. मोजलेलं वय गार्नेटचं आहे. गार्नेट आणि हिरा एकाच वेळी वाढले असतील तर ते हिऱ्याचंही वय ठरतं; पण जुना गार्नेट आयता मिळून हिरा नंतर त्याभोवती वाढला असेल, तर हिरा त्याहून तरुण असू शकतो. यावर अभ्यासकांत वाद आहे. मात्र किंबर्लीच्याच दुसऱ्या प्रकारच्या हिऱ्यांतल्या गंधकयुक्त कणांचं वय वेगळ्या पद्धतीनं मोजलं, तेव्हा तेही सुमारे 290 कोटी वर्षं आलं. जमिनीवर झाडं नव्हती, समुद्रात मासे नव्हते, सगळी जीवसृष्टी सूक्ष्मजीवांची होती, तेव्हा हे हिरे खाली घडत होते. आणि नंतर जवळजवळ तीन अब्ज वर्षं ते तिथेच पडून राहिले.

मग त्यांना वर आणणारा शिलारस आला. किंबर्लाइटचा शिलारस हिऱ्यांच्या पट्ट्याच्या तळाशी किंवा त्याहूनही खाली, प्रावरणाचा अगदी अल्प अंश वितळून तयार होतो. अल्प अंश वितळल्यामुळे खडकातले सहज सुटणारे घटक, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, त्यात एकवटतात. तो पातळ असतो, हलका असतो आणि वरचा खडक चिरत सुमारे मीटरभर रुंदीच्या फटीतून चढू लागतो. चढता चढता त्याला वेग येतो आणि हा वेग कशामुळे येतो याचा एक मोठा पटणारा खुलासा जेम्स रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रयोग करून मांडला. सुरुवातीचा शिलारस कार्बोनेटनं भरलेला असतो. वाटेत तो भिंतींचे तुकडे गिळतो आणि त्यांतलं ऑर्थोपायरोक्सिन नावाचं सिलिकायुक्त खनिज त्यात भराभर विरघळतं. शिलारसात सिलिका वाढली की कार्बन डायऑक्साइड धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी होते. वायू सुटतो, शिलारस फुगतो, आणखी हलका होतो, जोरानं वर जातो, आणखी खडक गिळतो आणि आणखी वायू सुटतो. ज्याला तो खातो, त्यातूनच त्याला बळ मिळत जातं. किंबर्लाइटमध्ये ऑलिव्हिनचे गोल गुळगुळीत दाणे भरपूर आणि ऑर्थोपायरोक्सिन जवळपास नसतंच, हे या खुलाशाशी जुळतं.

वेग किती असेल? माझ्या हातातला गोटाच त्याचा साक्षीदार होता. तो शिलारसापेक्षा जड आहे. शिलारस रेंगाळला असता तर गोटा खाली बसला असता. तो वर पोहोचला, म्हणजे शिलारसाचा वेग त्याच्या बुडण्याच्या वेगाहून जास्त होता. शिवाय या गोट्यांत फ्लोगोपाइट नावाचं अभ्रक असतं. त्यात साठलेला आर्गॉन वायू तापल्या शिलारसात हळूहळू गळून जायला हवा. पण काही गोट्यांतल्या अभ्रकात तो बराचसा टिकून आहे. सायमन केली आणि जो-ॲन वार्थो यांनी 2000 मध्ये त्यावरून हिशेब केला आणि प्रवास काही तासांचा ते काही दिवसांचा असल्याचं सांगितलं. फटीतून वर येणाऱ्या शिलारसाचा वेग सेकंदाला चार ते वीस मीटर असावा, असंही गणित मांडलं गेलं आहे. सेकंदाला चार मीटर धरले तर दीडशे किलोमीटर चढायला सुमारे साडेदहा तास लागतात. वीस मीटर धरले तर दोन तासांच्या थोडे वर. तीन अब्ज वर्षं एका जागी असलेला हिरा सकाळी निघाला आणि रात्र पडायच्या आत जमिनीवर आला, असं हे प्रकरण आहे.

ही घाई हिऱ्याच्या जिवावरची असते. वर येताना दाब उतरतो, उष्णता मात्र हजार अंशांच्या वरच राहते आणि भोवतालचा शिलारस कार्बनला ऑक्सिजन देऊन कार्बन डायऑक्साइड करायला टपलेला असतो. हिरा कडांपासून विरघळू लागतो. आठ बाजूंचा टोकदार स्फटिक आधी कोपऱ्यांना बोथट होतो, मग गोलसर, बारा फुगीर बाजूंचा होतो. संग्रहालयातले कच्चे हिरे मी भिंगातून पाहिले, तेव्हा सपाट बाजूंवर इवल्या इवल्या त्रिकोणी खळग्या दिसल्या. त्या या झिजेच्या खुणा. काही हिऱ्यांचं वाटेतच निम्म्याच्या आसपास वजन गेलेलं असतं आणि शिलारस फारच रेंगाळला तर काही उरतच नाही. त्यामुळे हिऱ्यांच्या पट्ट्यातून आलेला किंबर्लाइटही हिऱ्यांविना सापडू शकतो.

प्रवास याहून फारच संथ झाला तर काय होतं, ते मोरोक्कोतल्या बेनी बुसेरा इथे दिसतं. तिथे प्रावरणाचा मोठा खडक भूकवचाच्या हालचालीत लाखो वर्षं सावकाश वर ढकलला गेला. त्यातल्या खडकांत आठ बाजूंचे रेखीव स्फटिक आहेत, आकार हुबेहूब हिऱ्याचा. पण आतला पदार्थ काळा, बोटाला लागणारा ग्रॅफाइट आहे. खाली ते हिरे होते. उष्णता टिकून असताना दाब उतरत गेला आणि त्यांना रूप बदलायला हवा तेवढा वेळ मिळाला. किंबर्लीच्या हिऱ्यांना तो मिळाला नाही. वर येताच खडक थंड झाला आणि थंडीत अणूंची मजबूत बांधणी मोडायला लागणारी ऊर्जाच उरली नाही. नियमानं पाहिलं तर आपल्या पायांखालच्या दाबाला ग्रॅफाइटच स्थिर आहे. हिरा इथे टिकतो तो फक्त गोठून अडकल्यामुळे.

अखेरचे एक-दोन किलोमीटर सर्वांत हिंसक असतात. वरचा भार हलका होताच वायू एकाएकी प्रसरण पावतो, खडक फोडतो आणि जमिनीवर खोल तोंड पडतं. वर उडालेला चुरा, शिलारसाचे थेंब, भिंतींचे ठोकळे पुन्हा त्या तोंडात कोसळतात, घुसळले जातात आणि नळी भरून जाते. शिलारसाच्या स्वतःच्या वायूचा वाटा यात किती आणि भूजलाशी गाठ पडून झालेल्या वाफेचा किती, यावर अजून एकमत नाही. किंबर्लाइटचा उद्रेक माणसानं प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवलेला नाही. पण किंबर्लीच्या नळ्यांत काळ्या बेसाल्टचे ठोकळे सापडतात आणि आज आसपास तो बेसाल्ट जमिनीवर कुठेच नाही. म्हणजे उद्रेकाच्या वेळी वर त्याचे थर होते. त्यांतले तुकडे नळीत पडले म्हणून वाचले, बाकी सगळं नंतरच्या कोट्यवधी वर्षांत झिजून गेलं. मी ज्या सपाटीवर उभी होते, तिच्यावर त्या काळी शेकडो मीटर उंचीचा खडक होता. त्या झिजेत नळीचा वरचा भाग आणि त्यातले हिरेही वाहून गेले. या प्रदेशातून नद्यांनी नेलेले असे हिरे ऑरेंज नदीच्या मुखापाशी आणि नामिबियाच्या किनाऱ्यावर आज वाळूतून आणि समुद्राच्या तळावरून वेचले जातात.

सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या मला एक प्रश्न पडणं स्वाभाविक होतं. आपल्याकडेही साडेसहा कोटी वर्षांपूर्वी प्रावरणातूनच लाव्हा आला आणि त्यानं महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकला. मग त्यात हिरे का नाहीत? उत्तर खोलीत आहे. दख्खनचा बेसाल्ट प्रावरणाच्या त्यामानानं उथळ भागात, मोठ्या प्रमाणावर वितळून तयार झाला. तिथे कार्बन हिऱ्याच्या रूपात असूच शकत नव्हता. गंमत अशी, की जवळपास त्याच काळात छत्तीसगडमधल्या बस्तर क्रेटॉनवर, बेहराडीह इथे, किंबर्लाइटच्या जातीचा खडक खोलातून आला आणि त्यात हिरे आहेत. काळ एकच, फरक पडला तो खाली किती जाड आणि थंड खडक होता यामुळे. नवी हिऱ्याची खाण शोधणारे म्हणूनच आधी क्रेटॉन पाहतात. मग नदी-नाल्यांच्या वाळूत हिरे शोधत बसत नाहीत, कारण ते फार विरळ असतात. ते क्रोमियम भरपूर आणि कॅल्शियम कमी असलेले वांगी गार्नेट शोधतात आणि त्यांचा माग काढत उगमाकडे सरकतात. हिऱ्याबरोबर राहिलेला हा शेजारी संख्येनं जास्त असतो आणि नळीचा पत्ता तोच देतो. जगात किंबर्लाइटच्या हजारो नळ्या आणि भेगा सापडल्या आहेत. त्यांतल्या फार थोड्यांत हिरे आहेत आणि खाण परवडेल इतके तर मोजक्याच ठिकाणी.

किंबर्लीला येईपर्यंत कोळशावर दाब पडला की हिरा होतो हेच वाक्य माझ्या कानांवर होतं आणि आपल्या घराघरांत ते अजून सांगितलं जातं. ते चूक आहे. कोळसा जमिनीवरच्या झाडांचा होतो आणि अशी झाडं पृथ्वीवर येऊन चाळीस कोटी वर्षांच्या आसपासच झाली आहेत. किंबर्लीच्या हिऱ्यांतले गार्नेट तीन अब्ज वर्षांहून जुने आहेत. शिवाय कोळशाचे थर वरच्या काही किलोमीटरांत असतात आणि हिऱ्याचं घर 140 किलोमीटरांच्या खाली. मुलांना हिऱ्याची गोष्ट सांगाल तेव्हा कोळसा वगळा. हिरा प्रावरणातल्या द्रवांतून झाला, खंडाच्या थंड मुळात टिकला आणि एका घाईच्या शिलारसानं तो काही तासांत किंवा दिवसांत वर आणला, एवढं सांगा. ते खरं आहे.